ऑपरेशनचा इटालियन फॉर्म घाबरलेल्या माणसाला मराठीत कसा सांगायचा

हॉस्पिटलच्या दारातच मुलाने मला गाठलं. "ताई, बाकी सगळं सांगा, पण तिसऱ्या पानावरचं ते 'देचेस्सो' तेवढं गाळा. आई आधीच रात्रभर झोपलेली नाही." 'देचेस्सो' म्हणजे मृत्यू. पाच वर्षं तोरिनोत नोकरी करणाऱ्या मुलाला तेवढं इटालियन येत होतं. आत बाकावर काकू बसल्या होत्या. वय 61, सांगलीकडच्या, दीड वर्षापूर्वी मुलाकडे राहायला आलेल्या. पित्ताशयात खडे, दोनदा रात्री-अपरात्री इमर्जन्सीत जावं लागलेलं, आता ऑपरेशनची तारीख मिळालेली. हातात चार पानांचा 'कोन्सेन्सो इन्फोर्मातो', म्हणजे माहिती घेऊन दिलेलं संमतीपत्र.

हा लेख अशा बाकावर कधीतरी बसावं लागणाऱ्यांसाठी आहे. इटलीत थोडी वर्षं काढलेली असतात, भाषा बऱ्यापैकी येते, आणि ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतो: "जरा येशील का, फॉर्म वाचून सांगायचाय." मी हे काम पगारावर करते, इथे असं काम करणाऱ्या बाईला मेदियात्रीचे आणि पुरुषाला मेदियातोरे म्हणतात. अनेक सरकारी हॉस्पिटलांत अशी माणसं मागता येतात, मात्र आधी कळवावं लागतं आणि मराठीची माणसं कमी, त्यामुळे हिंदीवर भागवावं लागतं. म्हणून पहिलं काम हे की वॉर्डच्या नर्सला 'मेदियातोरे' मिळेल का ते विचारा. नाही म्हणाले तर पुढचं वाचा.

फॉर्म आदल्या दिवशी हातात घ्या

पेशंटसमोर पहिल्यांदा फॉर्म उघडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तुम्ही एखाद्या शब्दावर अडखळलात की समोरच्या माणसाला वाटतं, काहीतरी भयंकर लिहिलंय आणि ही लपवतेय. सर्जनशी भेट होते त्याच दिवशी फॉर्मची एक प्रत मागून घ्या. सही ऑपरेशनच्या सकाळी करायची असली तरी कागद आधी मिळू शकतो, आणि वाचायला वेळ मागण्यात काही वावगं नाही. इटलीच्या 2017 च्या 219 क्रमांकाच्या कायद्यात एक वाक्य आहे, ते मी डॉक्टर घाईत असले की हळूच आठवून देते: डॉक्टर आणि पेशंट यांच्यातल्या बोलण्याचा वेळ हा उपचाराचाच वेळ आहे. त्याच कायद्यानुसार पेशंटला आजार, उपचाराचे फायदे आणि धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं सगळं समजेल अशा रीतीने कळायला हवं.

फॉर्मचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. वर नाव-गाव, मग आजाराचं नाव, ऑपरेशनचं नाव, ते कसं करतात, पर्याय, धोके, नाकारलं तर काय, आणि शेवटी 'मला समजलं, मी संमती देते' असा परिच्छेद आणि सह्या. एक गोष्ट मात्र बघून घ्या. भुलीचं संमतीपत्र वेगळं असतं, रक्त चढवण्याचंही बहुधा वेगळं. काकूंच्या फाइलमध्ये तिन्ही एकत्र टाचलेली होती. तिन्ही सलग वाचली असती तर 'रक्त चढवणं', 'श्वासनळीत नळी' आणि 'पोट उघडणं' हे सगळं त्यांच्या डोक्यात एकच झालं असतं. मी पिना काढल्या आणि तीन गठ्ठे केले. त्या दिवशी फक्त ऑपरेशनचा वाचला. भुलीचा दुसऱ्या दिवशी, भूलतज्ज्ञ समोर असताना.

इंग्रजी येतं म्हणून फसवणारे शब्द

आपल्यापैकी बहुतेकांचं इटालियन इंग्रजीवर चढवलेलं असतं, आणि फॉर्ममध्ये नेमकं तेच पायात येतं. 'रिकोवेरो' वाचून इंग्रजी रिकव्हरी आठवते आणि आपण सांगून मोकळे होतो, 'दोन दिवसांत बऱ्या व्हाल'. त्याचा अर्थ हॉस्पिटलात भरती होणं. दोन दिवसांचं 'रिकोवेरो' म्हणजे दोन दिवस ॲडमिट. घरी येऊन पूर्ववत व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. 'बऱ्या व्हाल' असं सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी काकू स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या असत्या.

'एव्हेंतुआले' त्याहून वाईट. ऐकायला 'इव्हेंच्युअली' म्हणजे शेवटी होणारच असं वाटतं. इटालियनमध्ये तो शब्द 'झालंच तर', 'लागलंच तर' एवढंच म्हणतो. 'एव्हेंतुआले द्रेनाज्जो' म्हणजे लागलीच तर पोटात एक नळी ठेवतील, जमलेलं पाणी बाहेर काढायला. मी एका पुतण्याला हे 'शेवटी नळी घालणार' असं सांगताना ऐकलंय, आणि त्याचे काका ऑपरेशन संपल्यावर नळी कुठे गेली म्हणून काळजीत पडले होते.

'लेज़ियोने' म्हणजे इजा. आपल्याकडे रिपोर्टमध्ये 'लीजन' शब्द आला की लोक कॅन्सर समजतात, त्यामुळे तो शब्द तोंडातून जाऊच देऊ नका. 'पातोलोजिया' म्हणजे आजार, लॅबशी संबंध नाही. 'एज़ितो' म्हणजे परिणाम किंवा मागे राहिलेली खूण, आणि वैद्यकीय कागदावर कधीकधी दिसणारं लॅटिन 'एक्झितुस' म्हणजे मृत्यू. या दोघांत गल्लत करू नका, इतकंच.

आकड्यांचा सापळा सगळ्यात शांत असतो. इटालियन लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब. 0,5% म्हणजे अर्धा टक्का, दोनशेत एक. घाईत आपला डोळा शून्य आणि स्वल्पविराम सोडून 5% वाचतो आणि धोका एकदम दसपट होतो. शिवाय काही फॉर्मवर टक्क्याच्या चिन्हात खाली एकाऐवजी दोन शून्यं असतात: ‰. ते दर हजारी आहे. 3‰ म्हणजे हजारात तीन. आकडा दिसला की पेन्सिलीने बाजूला 'हजारात किती' ते लिहून ठेवायची सवय लावा. ती पुढे कामाला येते.

मराठीतले आपले सापळे

इटालियन नीट कळलं तरी अर्धंच काम झालं. काकूंच्या फॉर्मवर ऑपरेशनचं नाव होतं 'कोलेचिस्तेक्तोमिया लापारोस्कोपिका'. पुस्तकी मराठीत ते 'दुर्बिणीद्वारे पित्ताशय उच्छेदन' होईल. काकूंच्या मराठीत ते 'दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढणं'. 'उच्छेदन' ऐकून माणूस घाबरतो, 'पिशवी काढणं' ऐकून प्रश्न विचारतो. आणि प्रश्न आले तर आपलं काम सोपं होतं.

पण 'पित्त' शब्दात खड्डा आहे. आपल्याकडे 'मला पित्त झालंय' म्हणजे आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोकं दुखणं. काकूंनी लगेच विचारलं, "म्हणजे पिशवी काढली की माझं पित्त कायमचं बंद?" हा प्रश्न आला नसता तर त्यांनी चुकीच्या आशेवर सही केली असती. मी सांगितलं, "काकू, तुम्ही ज्याला पित्त म्हणता ती पोटातली ॲसिडिटी. ही पिशवी वेगळी. यकृत म्हणजे लिव्हर जेवण पचवायला एक हिरवट रस तयार करतं, तो या पिशवीत साठतो. त्या साठ्यात खडे झालेत. पिशवी काढली तरी लिव्हर रस बनवतच राहतं, तो थेट आतड्यात जातो." त्यानंतर मी संपूर्ण बोलण्यात 'पित्तरस' हाच शब्द वापरला, नुसतं 'पित्त' एकदाही नाही.

दुसरा खड्डा 'खडा'. मुतखडा पाणी पिऊन, काढे घेऊन पडतो हे प्रत्येक घरात माहीत असतं. पित्ताशयाचा खडा तसा लघवीवाटे पडत नाही, त्या वाटेशी त्याचा संबंधच नाही. उलट तो पिशवीतून निसटला तर मुख्य नळीत अडकू शकतो, आणि मग कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. हे सांगायचं कारण एवढंच, की फॉर्ममधल्या 'आल्तेर्नातीवे', म्हणजे पर्याय, या परिच्छेदात खडे विरघळवण्याच्या गोळ्यांचा उल्लेख असतो. काकूंचे डोळे तिथे चमकले. परिच्छेद तिथे संपत नव्हता. पुढे लिहिलं होतं, की त्या गोळ्या ठरावीक प्रकारच्या लहान खड्यांवरच चालतात, महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि खडे परत होतात. अशा वेळी अर्धं वाक्य सांगून थांबू नका. "हा पर्याय माझ्यासाठी आहे का?" हा प्रश्न मात्र त्यांच्याच तोंडून सर्जनकडे गेला पाहिजे. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, गावाकडच्या कोणाला काढ्याने बरं वाटलं असलं तरी.

तिसरा शब्द 'गाठ'. 'त्रोंबोज़ी' म्हणजे पायाच्या शिरेत रक्त गोठणं. आपण सहज म्हणतो, रक्ताची गाठ. घाबरलेल्या माणसाला त्यातलं 'गाठ' तेवढं ऐकू येतं. 'गुठळी' म्हणा. आणि 'कळ' हा शब्द आपल्याकडे उत्तम आहे, तो वापरा: 'कोलिका बिलियारे' म्हणजे काकूंना दोनदा मध्यरात्री आलेली तीच कळ. स्वतःच्या अनुभवाला फॉर्ममध्ये नाव मिळालं की कागद परका राहत नाही.

धोक्यांचं पान

आता तिसरं पान. इथे मी एक नियम पाळते. प्रत्येक धोक्याबद्दल चार गोष्टी सांगायच्या: काय होऊ शकतं, किती जणांना, झालं तर डॉक्टर काय करतात, आणि आपल्याला ते कसं कळेल. फॉर्ममध्ये बहुधा पहिल्या दोनच असतात. उरलेल्या दोन तुम्ही मनाने भरायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून भरायच्या. आदल्या दिवशी फॉर्म वाचताना प्रश्नांची यादी करा ती याचसाठी.

काकूंच्या फॉर्ममधली दोन वाक्यं घेऊ.

पहिलं: 'नेल कोर्सो देल्लिंतेर्वेन्तो पोत्रेब्बे रेंदेर्सी नेचेस्सारिया ला कोन्वेर्सियोने इन लापारोतोमिया.' कोशातून उतरवलं तर होतं, 'शस्त्रक्रियेदरम्यान लॅपरोटॉमीमध्ये रूपांतरण आवश्यक ठरू शकते.' व्याकरण बिनचूक, पण काकूंना काडीचंही कळणार नाही. मी सांगितलं ते असं: "पोटावर तीन-चार बारीक छेद घेतात, त्यातून दुर्बीण आणि हत्यारं आत घालतात. आत नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतात. कधीकधी सूज फार असते किंवा आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात आणि दुर्बिणीतून सगळं स्पष्ट दिसत नाही. तसं झालं तर डॉक्टर तिथेच, तुम्ही भुलीत असतानाच, मोठा छेद घेऊन ऑपरेशन पूर्ण करतील." मग तपासलं: 'पोत्रेब्बे' म्हणजे 'होऊ शकतं', ते आलं का? आलं, 'कधीकधी'मध्ये. 'नेल कोर्सो' म्हणजे चालू असतानाच, आलं. सोपं करताना अशी एक फेरी मारलीच पाहिजे, कारण सोप्या वाक्यातून सगळ्यात आधी गळतो तो 'शक्यता' दाखवणारा शब्द. तो गळला की धोका निश्चित होऊन बसतो.

काकूंनी विचारलं, "म्हणजे ऑपरेशन फसलं?" हा प्रश्न मी जसाच्या तसा सर्जनना केला. त्या म्हणाल्या, मोठा छेद घेणं म्हणजे फसणं नव्हे, दिसत नसताना कापत राहण्यापेक्षा ते सुरक्षित आहे. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये शंभरात काही मोजक्या जणांवर ही वेळ येते, पिशवी सुजलेली असेल तर जास्त. झालं तर हॉस्पिटलातले दिवस वाढतात आणि व्रण मोठा राहतो. काकूंना त्या उत्तरातलं 'दिसत नसताना' एवढंच पुरलं. "अंधारात सुरी चालवण्यापेक्षा दिवा लावलेला बरा," त्या म्हणाल्या. मी हे इटालियनमध्ये सांगितल्यावर सर्जन पहिल्यांदा हसल्या.

दुसरं वाक्य अवघड: 'लेज़ियोने यात्रोजेना देल्ला विया बिलियारे प्रिन्चिपाले', शेजारी 0,3-0,5%. 'यात्रोजेना' म्हणजे उपचारातूनच झालेली. मुलाला हा शब्द 'डॉक्टरच्या चुकीने' असा सांगावासा वाटत होता, सुनेला तो गाळावासा वाटत होता. दोन्ही चूक. 'चुकीने' म्हटलं की निष्काळजीपणाचा आरोप शिरतो, जो शब्दात नाही. गाळलं तर इजा आपोआप होते असं वाटतं, तेही खोटं. मी म्हटलं, "लिव्हरमधून आतड्याकडे पित्तरस नेणारी एक मुख्य नळी असते. पिशवी त्या नळीला देठासारखी जोडलेली असते. पिशवीचा देठ कापताना ही मुख्य नळी दुखावली जाऊ शकते."

मग आकडा. टक्के बोलायचेच नाहीत. 'पॉइंट तीन टक्के' हे घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाही, आलं तर 'तीन' ऐकू येतं. हजारात सांगा आणि सगळे धोके हजारातच सांगा. एकदा शंभरात, एकदा दोनशेत, असं केलं तर कोणता मोठा आणि कोणता लहान हे कोणालाच कळत नाही. काकू आयुष्यभर एसटीने फिरलेल्या. म्हटलं, "चाळीस सीटच्या पंचवीस एसट्या भरल्या तर हजार माणसं होतात. हे ऑपरेशन या सगळ्यांचं झालं, तर तीन ते पाच जणांची ती नळी दुखावते. बाकी नऊशे पंचाण्णवच्या वर लोकांची दुखावत नाही." दोन्ही बाजू सांगायच्या. नुसतं 'तीन ते पाच' हे भीतीचं भाषांतर होतं, नुसतं 'नऊशे पंचाण्णव' ही जाहिरात होते.

"आणि त्या पाचात मीच असले तर?"

इथे 'काही होत नाही हो काकू' हे वाक्य जिभेवर येतं. ते गिळा. तसं सांगायचा अधिकार सर्जनलाही नाही, तुम्हाला तर नाहीच. मी प्रश्न पुढे पाठवला. सर्जनने सांगितलं, इजा ऑपरेशनमध्येच दिसली तर तिथेच दुरुस्त करायचा प्रयत्न करतात. नंतर लक्षात आली तर तोंडातून दुर्बीण घालून नळीत एक बारीक नळी बसवतात, आणि काही वेळा दुसरं मोठं ऑपरेशन लागतं. लक्षण म्हणजे पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, ताप, डोळे पिवळे होणं. एवढं ऐकल्यावर काकू शांत झाल्या. धोका तेवढाच होता, फक्त आता त्याच्या पुढे काय ते त्यांना कळलं होतं.

'ते तेवढं गाळा'

मुलाचं म्हणणं मी दारात ऐकून घेतलं होतं, उत्तर दिलं नव्हतं. आपल्या घरांत हे नेहमीचं आहे. आजार आधी मुलाला कळतो, मग तो ठरवतो की आईला किती सांगायचं. त्यामागे प्रेमच असतं. पण इटालियन कायदा इथे स्पष्ट आहे: माहिती पूर्ण किंवा अर्धी नको म्हणण्याचा, किंवा 'माझ्या ऐवजी मुलाला सांगा' म्हणण्याचा हक्क आहे, आणि तो पेशंटचा आहे. मुलाने तो आईच्या वतीने वापरायचा नसतो.

म्हणून मी काकूंनाच विचारलं, मुलासमोर. "काकू, याच पानावर पुढे फार क्वचित होणारे पण गंभीर धोके आहेत. ते मी वाचू, की डॉक्टरांनी ते मुलाला सांगितलेले चालतील? दोन्ही चालतं." घाई न करता थांबले. काकू म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या बायपासच्या वेळी सह्या मीच केल्या होत्या. वाच."

मग वाचलं. 'देचेस्सो' या शब्दाला मराठीत 'जीवाला धोका' म्हणून टाळता येतं, पण जीवाला धोका म्हणजे नेमकं काय हे प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं. मी म्हटलं, "ठरवून केलेल्या अशा ऑपरेशनात हजारात एखादा पेशंट दगावतो, बहुधा त्याहूनही कमी. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार आहे, त्यांना जास्त धोका." 'दगावतो' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, सौम्य आहे आणि त्याचा अर्थ एकच होतो. आवाज बाकीच्या वाक्यांसारखाच ठेवा. कुजबुजलात तर आकड्यापेक्षा कुजबुजणंच लक्षात राहतं. काकूंनी मुलाकडे बघून विचारलं, "एवढंच होतं ते?"

काही पेशंट 'नको, मुलाला सांगा' म्हणतात. तेव्हा तसंच करायचं, आणि डॉक्टरला सांगायचं की ही इच्छा पेशंटने स्वतः व्यक्त केली आहे. तो निरोप फाइलमध्ये नोंदवला जातो.

त्यांच्याच तोंडून ऐका

'समजलं का?' हा निरुपयोगी प्रश्न. मराठी माणूस डॉक्टरसमोर 'हो' म्हणतोच. त्याऐवजी मी म्हणते, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. आज घरी जाऊन सुनेला काय सांगाल?" ओझं पेशंटवर न टाकता स्वतःवर घ्यायचं.

काकूंनी सांगितलं ते जवळपास बरोबर होतं. दोन गोष्टी घसरल्या. त्यांना वाटत होतं, मोठा छेद घ्यायचा ठरला तर त्यांना उठवून विचारतील. तसं नाही, त्याची परवानगी हाच फॉर्म देतो. आणि त्यांना वाटत होतं, पिशवी गेली की आयुष्यभर तूप-तेल बंद. सर्जन म्हणाल्या, पहिले काही आठवडे तळकट कमी ठेवा, काहींना पातळ शौचाला होते, बहुतेक जण हळूहळू नेहमीचं जेवतात. ही दुसरी चूक फॉर्ममध्ये कुठेच नव्हती, पण रात्रभर जागं ठेवायला तीही पुरेशी होती.

याच वेळी उलटे प्रश्नही करून घ्या, म्हणजे डॉक्टरला माहीत नसलेली गोष्ट. 'औषधं चालू आहेत का' याला काकूंनी 'फक्त बीपीची' असं उत्तर दिलं होतं. मी विचारलं, "गावाहून आलेलं काही? काढा, चूर्ण, गोळ्या?" दोन पुड्या निघाल्या, आणि रक्त पातळ ठेवायची एक गोळी, जी त्यांच्या मते औषधच नव्हतं कारण ती 'अर्धीच घेते'. सर्जनने ती कधी थांबवायची ते लिहून दिलं. आपल्याकडे औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं तेवढंच, हे इटालियन फॉर्मला ठाऊक नसतं.

सही

सही फक्त पेशंटची, मुलाची नाही, जोपर्यंत पेशंट प्रौढ आणि शुद्धीत आहे. पासपोर्टवर आहे तशीच करायची, मराठीत असेल तर मराठीत. काही फॉर्मवर दुभाष्याच्या सहीची ओळ असते. ती केलीत तर तुम्ही 'मी हे भाषांतर करून सांगितलं' एवढंच म्हणताय. ती ओळ नीट वाचा, कारण मी एकदा 'साक्षीदार' म्हणून छापलेल्या ओळीवर सही करता करता थांबले होते. तुमचं मराठी टिपण पेशंटजवळ ठेवा, पण सही इटालियन कागदावरच होते आणि कायद्याने तोच कागद धरला जातो. सही झाली तरी संमती केव्हाही मागे घेता येते, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा. हे काकूंना सांगितल्यावर त्यांचा हात हलका झाला आणि सही झाली.

सहीनंतर एक पान उरतं, ज्याला कोणी धोक्याचं पान मानत नाही: आदल्या रात्रीच्या सूचना. घन पदार्थ भुलीच्या आधी सहा तास बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत, पण तुमच्या कागदावर जे लिहिलंय तेच खरं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, हे आवर्जून सांगा. आणि 'मोनीली' काढून ठेवायची ओळ. मोनीली म्हणजे दागिने. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात, त्यामुळे अंगावर धातू नको. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण हातात नवऱ्याने केलेली पाटली होती, पंचवीस वर्षं न काढलेली आणि आता न निघणारी. नर्सशी बोलून ठेवलं. आदल्या संध्याकाळी सुनेने साबण लावून ती काढली आणि रुमालात बांधून स्वतःजवळ ठेवली.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला, घाबरलेला: आईचा उजवा खांदा दुखतोय, हार्टचं असेल का. मी म्हटलं, नर्सला लगेच सांग, ते तपासतील. मागून काकूंचा आवाज आला, "अरे, तिनं सांगितलं होतं ना, पोटात गॅस भरतात, तो जिरेपर्यंत खांदा धरतो म्हणून." नर्सने तपासून तेच सांगितलं.